गॅसचा वास येतोय, पाईप बदलू की रेग्युलेटर? आधी गळती कुठे आहे ते शोधा

हे वाचताना आत्ता तुमच्या स्वयंपाकघरात वास येत असेल तर बाकीचं नंतर वाचा. शेगडीची बटणं बंद करा, रेग्युलेटर बंद करा, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती पेटलेली असेल तर विझवा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. हवा खेचायला एक्झॉस्ट फॅन लावावा असं अनेकांना सुचतं, पण त्याचं बटण दाबणं हाच त्या वेळी सर्वांत मोठा धोका असतो. मेन स्विच घराबाहेर असेल तरच तो बंद करा. फोन बाहेर गेल्यावर करा. सिलिंडरवर किंवा पासबुकावर आपत्कालीन क्रमांक छापलेला असतो; भारतात तो १९०६ आहे.

आता मूळ विषय. मी बरीच वर्षं शेगड्यांची दुरुस्ती करतो आणि माझं निम्मं काम भाड्याच्या घरांमधलं आहे. घरमालकाचा फोन येतो, पाठोपाठ भाडेकरूचा मेसेज येतो आणि तो जवळपास नेहमी असाच असतो: "काका, शेगडीजवळ गॅसचा वास येतोय, ताबडतोब पाईप नाहीतर रेग्युलेटर बदलून द्या." घाई बरोबर आहे, भीतीही बरोबर आहे. फक्त मागणीत निदान आधीच होऊन गेलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा चुकतं. नवीन पाईप येतो, दोन दिवस सगळ्यांना बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा वास. मग भाडेकरूला वाटतं मालकाने हलका माल दिला आणि मालकाला वाटतं भाडेकरू उगाच तक्रार करतोय. गळती मात्र जिथे होती तिथेच असते.

पुढचं सगळं सिलिंडरच्या गॅसबद्दल आहे, तेही टक् असा आवाज होऊन बसणाऱ्या रेग्युलेटरच्या सिलिंडरबद्दल. नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्याची जोडणीही वेगळी असते. तिथे स्वतः काही तपासायला जाऊ नका.

लक्षणं: वास कधी येतो?

"वास येतोय" एवढ्यावरून काही कळत नाही. वास कधी येतो आणि कधी येत नाही, यावरून जवळपास सगळं कळतं.

रेग्युलेटर चालू आहे, शेगडीची बटणं बंद आहेत, तरी वास येतो आणि रेग्युलेटर बंद केल्यावर थोड्या वेळाने जातो. ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. गळती सिलिंडरच्या तोंडापासून शेगडीच्या बटणापर्यंत कुठेही असू शकते.

रेग्युलेटर बंद आहे किंवा काढून ठेवलाय, तरी वास येतोच. मग पाईपचा, रेग्युलेटरचा किंवा शेगडीचा काही संबंध नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्हच गळतोय. इथे तपासणी करायची नाही. काय करायचं ते खाली लिहिलंय.

फक्त शेगडी पेटलेली असताना वास येतो. बर्नर नीट बसलेला नसतो, ज्योत एका बाजूने विझलेली असते किंवा खालचा जेट सैल झालेला असतो. बर्नर गार झाल्यावर उचलून नीट बसवला की पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

लायटर लावायला एक-दोन क्षण उशीर झाला की येणारा आणि लगेच जाणारा वास. हा दोष नाही.

आणखी एक प्रकार लोकांना गोंधळात टाकतो. सिलिंडर संपत आला की वास उग्र होतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं द्रव्य मिसळतात. ते गॅसपेक्षा सावकाश उडतं, म्हणून सिलिंडरच्या तळाशी उरलेल्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा छोटीशी गळतीही मोठी वाटते. पण "संपत आलाय म्हणून वास येतोय" असं म्हणून सोडून देऊ नका. जोडणी धड असेल तर सिलिंडर संपतानाही बंद शेगडीजवळ वास येत नाही.

तपासण्याआधी एक प्रश्न: शेवटचा सिलिंडर कधी बदलला?

या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, हत्यार लागत नाही, आणि मी तो फोनवरच विचारतो. वास नवीन सिलिंडर लावल्याच्या दिवसापासून किंवा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला असेल तर आधी संशय सिलिंडरच्या तोंडातल्या रबरी रिंगवर घ्यायचा. त्याच पाईपने आणि त्याच रेग्युलेटरने आदल्या दिवशीपर्यंत काही त्रास नव्हता. बदलला तो फक्त सिलिंडर. याउलट, दोन-तीन सिलिंडर बदलले तरी वास तसाच येत असेल तर दोष तुमच्या बाजूच्या सामानात आहे, म्हणजे रेग्युलेटर, पाईप किंवा शेगडीत. शेगडी हलवून ओटा धुतल्यावर वास सुरू झाला असेल तर पाईपचं टोक बघायचं.

एका घरात याच प्रश्नाने दोन महिन्यांचा घोळ सुटला. ती हकीकत पुढे येईल.

पहिली तपासणी: बटणं आणि रेग्युलेटरची बैठक

शेगडीचं प्रत्येक बटण हाताने बंद स्थितीत दाबून फिरवून बघा. नुसतं लांबून बघू नका. ओटा पुसताना फडकं अडकून बटण किंचित फिरतं, आणि जुन्या शेगडीवर खुणा पुसल्या गेलेल्या असल्या की बंद म्हणजे नेमकं कुठे हेच कळत नाही. भाड्याने नव्याने राहायला आलेल्यांकडे हे मला वारंवार दिसतं. शेगडी मालकाची, तिची सवय नसते, आणि तिसऱ्या बर्नरचं बटण बाजूला असल्याने ते लक्षातही येत नाही.

मग रेग्युलेटर. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. रेग्युलेटरचं बटण बंद करा, खालची काळी कड वर उचलून रेग्युलेटर काढा आणि पुन्हा सरळ उभा धरून बसवा. टक् आवाज यायला हवा. बसल्यावर तो हाताने थोडा गोल फिरतो, पण वर ओढला तर निघत नाही. ओढल्यावर तिरका होत असेल किंवा एका बाजूने उचलला जात असेल तर तो बसलेलाच नाही. सिलिंडर कोपऱ्यात किंवा ओट्याखाली वाकून बदलावा लागतो, त्यामुळे रेग्युलेटर तिरका बसणं फार सोपं आहे. एवढं करून वास गेला तर खर्च शून्य. तरीही पुढची साबणाची तपासणी एकदा कराच.

रेग्युलेटर काढला असताना सिलिंडरच्या तोंडातून फुस्स असा आवाज येत राहिला किंवा वास वाढला तर लगेच दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी तोंडावर घट्ट दाबून बसवा आणि तपासणी तिथेच थांबवा. म्हणूनच ती टोपी कधी फेकायची नसते, सिलिंडरच्या गळ्यातच राहू द्यायची.

दुसरी तपासणी: साबणाचं पाणी

अर्धा कप पाणी, त्यात भांडी घासायचा द्रवरूप साबण चमचाभर, आणि एक जुना मऊ ब्रश. माझ्या पिशवीतलं सर्वांत उपयोगी सामान हेच आहे. काडी पेटवून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही, एकदाही करू नका.

ही तपासणी वास मंद असेल तरच करायची. घरभर वास पसरलेला असेल तर तपासण्यासाठी म्हणून गॅस पुन्हा चालू करू नका. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीलगत साचतो, ओट्याखालच्या कपाटात शिरतो, मोरीकडे उतरतो. खिडकी उघडली म्हणजे तो गेला असं होत नाही. दार उघडं हवं, खालून हवा फिरायला हवी. वाकून जमिनीजवळ वास घेतला तर उभ्याने न आलेला वास तिथे येतो. आणखी एक लक्षात ठेवा: नाकाला वासाची सवय होते. वीस मिनिटं त्याच खोलीत असलेल्या माणसाने "आता नाही येत" म्हटलं तर त्यावर विसंबू नका. बाहेरून आलेल्याला विचारा.

हवा मोकळी झाली की शेगडीची बटणं बंद ठेवून फक्त रेग्युलेटर चालू करा आणि सिलिंडरकडून शेगडीकडे याच क्रमाने पाणी लावत जा. रेग्युलेटर आणि सिलिंडर जिथे भेटतात ती गोल फट, रेग्युलेटरची वरची चकती, रेग्युलेटरच्या तोटीवरचं पाईपचं टोक, पूर्ण पाईप, शेगडीच्या तोटीवरचं टोक, शेवटी बटणांमागच्या दांड्या. प्रत्येक ठिकाणी थांबून निदान अर्धा मिनिट बघा. ब्रशने आलेला फेस हळूहळू बसतो. गळतीचा बुडबुडा वाढत जातो, फुटतो आणि त्याच जागी नवा येतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा चूक होत नाही.

क्रम सिलिंडरकडूनच का, याला कारण आहे. रेग्युलेटरच्या आधी सिलिंडरचा पूर्ण दाब असतो, हवेच्या दाबाच्या कित्येक पट. रेग्युलेटरच्या पुढे तो उतरून साधारण ३० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका राहतो. म्हणजे तेवढ्याच फटीतून सिलिंडरच्या तोंडाशी गॅस कितीतरी जास्त बाहेर पडतो. जास्त धोक्याची जागा आधी पाहायची.

बुडबुडे दिसले की जागा लक्षात ठेवा आणि रेग्युलेटर ताबडतोब बंद करा. मोबाइलने फोटो काढण्याचा मोह होतो, पण तो गॅस बंद करून, हवा खेळती झाल्यावर काढा. घरमालकाला पाठवायला जागा दिसली तरी पुरे.

रेग्युलेटरच्या बुडाशी बुडबुडे: रबरी रिंग

सिलिंडरच्या तोंडात आत एक छोटी काळी रबरी रिंग असते. कुणी तिला वायसर म्हणतं, कुणी ओ-रिंग. रेग्युलेटरची नळी त्या रिंगमध्ये घट्ट बसते. रेग्युलेटरचं बटण चालू केलं की आतली कांडी सिलिंडरच्या व्हॉल्व्हची पिन खाली दाबते आणि गॅस वर येतो. वर आलेल्या गॅसला बाजूने बाहेर पडू न देणं हे त्या रिंगचं एकमेव काम. म्हणूनच रिंग चिरलेली असली तरी रेग्युलेटर बंद असताना वास येत नाही आणि चालू केला की येतो. लोकांना ते रेग्युलेटरचं लक्षण वाटतं आणि ते रेग्युलेटर मागतात.

रिंग सिलिंडरसोबत येते आणि सिलिंडरसोबत जाते. कितीतरी घरांतले रेग्युलेटर तिच्यात आत-बाहेर झालेले असतात. ती झिजते, कडक होते, कधी तिचा कपचा उडतो, कधी ती जागेवर नसतेच. दिवसाच्या उजेडात, रेग्युलेटर काढून तोंडात पाहिलं तर चिरलेली किंवा वर आलेली रिंग दिसते. फक्त बघा. पिन, स्क्रूड्रायव्हर, सुरीचं टोक आत घालू नका, कारण मधली पिन दाबली गेली तर सिलिंडर तुमच्या तोंडावर उघडेल. रिंगवर चिकटपट्टी, सुतळी, दुसऱ्याच कशाची तरी रिंग, असले उपाय करू नका. टोपी लावा, एजन्सीला कळवा. ते रिंग बदलतात किंवा सिलिंडर बदलून देतात. इथे घरमालकाने काहीही विकत आणायचं नसतं.

आता ती हकीकत. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, राहणारी दोन नोकरदार मुलं. वास आला, त्यांनी मालकांना कळवलं, मालकांनी त्याच संध्याकाळी नवीन पाईप पाठवला आणि मुलांनी तो स्वतः बसवला. वास राहिला. पंधरा दिवसांनी रेग्युलेटर बदलला. वास गेला, सगळे निश्चिंत झाले. महिनाभराने पुन्हा तोच मेसेज. मी गेलो तेव्हा सिलिंडर बदलल्याच्या तारखा मोबाइलमधल्या बुकिंगच्या मेसेजवरून काढल्या. पहिला वास सिलिंडर लावल्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता. रेग्युलेटर बदलला त्याच आठवड्यात तो सिलिंडर संपला होता, म्हणजे वास गेला तो रेग्युलेटरमुळे नाही तर खराब रिंगचा सिलिंडर परत गेल्यामुळे.

मग दुसऱ्यांदा वास का? आताचा सिलिंडर पंधरा दिवस जुना होता, तेव्हा रिंगवर संशय कमी. साबणाचं पाणी लावलं. रेग्युलेटरच्या बुडाशी काही नाही. शेगडीच्या तोटीवर, पाईपच्या टोकाशी, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. घाईत बसवलेला नवीन पाईप तोटीच्या कंगोऱ्यांवर जेमतेम अर्धा सरकवलेला होता आणि वरून क्लिप इतकी आवळली होती की तिची कड रबरात रुतून चीर पडली होती. पहिली गळती पाईपची नव्हतीच, आणि न सापडलेल्या गळतीवर उपाय म्हणून आणलेल्या पाईपने दुसरी गळती तयार केली. मालकांचे दोन खर्च झाले आणि मुलं दोन महिने या घोळात अडकून राहिली. मला ते फार लागलं, कारण पहिल्याच दिवशी कुणी अर्धा कप साबणाचं पाणी लावलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

पाईप: बदलायचा केव्हा

पाईपवर छापलेली तारीख वाचा. आत तार गुंफलेल्या, जाड केशरी सुरक्षा पाईपचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरतात. मुदत उलटली असेल तर गळती सापडो न सापडो, बदला. भाड्याच्या घरात हे नेमकं सुटतं, कारण पाईप आधीच्या भाडेकरूने आणला की मालकाने आणि कधी, हे कुणालाच आठवत नाही. छापलेली तारीख दिसत नसेल तर मुदत संपली असंच समजा.

मग पाईप हातात घेऊन वाकवा, विशेषतः दोन्ही टोकांजवळ आणि शेगडीखालून जातो तिथे. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात. उंदराने कुरतडल्याच्या खुणा ओट्याखालच्या अंधाऱ्या भागात असतात. बोट फिरवलं की लागतात. बर्नरच्या उष्णतेने पाईप एका जागी कडक आणि चकचकीत झाला असेल तर तोही गेला. चिकटपट्टी गुंडाळू नका, मधे तुकडा जोडू नका. दीड मीटरपेक्षा लांब पाईपही नको. शेगडी लांब असेल तर सिलिंडर हलवा.

नवीन पाईप बसवताना सिलिंडरवरून रेग्युलेटर काढून, टोपी लावून मगच काम करा. टोक तोटीचे सगळे कंगोरे झाकून शेवटपर्यंत गेलं पाहिजे. जात नसेल तर टोक थोडा वेळ गरम पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा दाबा. तेल लावू नका, ते रबर खातं आणि पाईप नंतर घसरतो. टोक मुळात सैल बसत असेल तर क्लिप आवळून ते घट्ट होत नाही. तो पाईप त्या तोटीच्या मापाचा नाही.

रेग्युलेटर आणि बटणं

रेग्युलेटरच्या आत एक रबरी पडदा असतो आणि वर हवेसाठी बारीक भोक असतं. पडदा फाटला की त्या भोकातून गॅस येतो आणि साबणाचे बुडबुडे नेमके तिथे दिसतात. सोबत ज्योत कधी मोठी, कधी बारीक होते. भोक बुजवणं हा उपाय नाही, त्याने आतला दाब बिघडतो. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा नसतो, तो पूर्ण बदलायचा. आणि तो ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याला एजन्सीकडून बदलून घ्यावा लागतो, कारण रेग्युलेटर बहुधा गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. म्हणून "रेग्युलेटर बदलून द्या" असं लिहिण्याआधी कनेक्शन कुणाचं आहे ते बघा. ते तुमच्या नावावर असेल तर एजन्सीकडे तुम्हालाच जावं लागेल. मालकाच्या नावावर असेल तर मालकांनाच कळवावं लागेल. बाहेरून मिळणारा कुठलाही रेग्युलेटर आणून लावणं ही बचत नाही.

बटणाच्या दांडीभोवती बुडबुडे आले तर आतल्या पितळी कॉकचं ग्रीस सुकलंय. बटण जड फिरत असेल तर हे बहुतेक आधीच सुरू झालेलं असतं. हे काम घरी करू नका. खाण्याचं तेल सोडून बटण मोकळं करणारे खूप भेटतात. ते तेल उष्णतेने चिकट होतं आणि महिनाभरात कॉक आणखी गळतो. शेगडी दुरुस्त करणारा कॉक उघडतो, साफ करतो, उष्णता सोसणारं ग्रीस लावतो. कॉक झिजला असेल तर तो बदलतो. शेगडी मालकाची असेल तर हा खर्च मालकाकडे मागणं अगदी रास्त आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रेग्युलेटर काढून टोपी लावल्यावरही वास किंवा फुस्स आवाज राहिला, रेग्युलेटर सिलिंडरवर अडकला आणि बंदच होत नाही, किंवा साबणाच्या पाण्यात काहीच दिसत नाही पण वास येतोच, यातलं काहीही असेल तर पुढे प्रयोग नकोत. आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, तोपर्यंत शेगडी पेटवायची नाही आणि रात्री त्या घरात झोपायचं नाही. झोपेत नाक सावध करत नाही. अशा वेळी घरमालकाच्या उत्तराचीही वाट बघू नका. मालकांना कळवा, पण मदत आधी बोलवा.

घरमालकांना माझी विनंती एकच: मेसेज आला की "उद्या बघतो" असं लिहू नका. "आत्ता रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि शेगडी वापरू नका" एवढं लगेच लिहा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि उद्यापर्यंतची रात्र सुरक्षित होते.

भाडेकरूंनी मालकांना मेसेज असा पाठवला तर काम पहिल्याच फेरीत होतं:

"काका, काल सकाळपासून शेगडीजवळ गॅसचा वास येतोय. रेग्युलेटर चालू असताना येतो, बंद केला की जातो. सिलिंडर परवा बदललाय. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे रेग्युलेटरच्या बुडाशी येतात, पाईपवर नाहीत. पाईपवरची तारीख पुढच्या वर्षीपर्यंतची आहे. रेग्युलेटर काढून टोपी लावून ठेवलीये, शेगडी वापरत नाही. कनेक्शन तुमच्या नावावर आहे म्हणून एजन्सीला तुम्ही फोन कराल का? आजच व्हायला हवं."

हा मेसेज वाचून मी घरातून न निघता सांगू शकतो की पाईप आणू नका, एजन्सीकडून रिंग बघून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर, मग ती कुणीही केलेली असो, तो माणूस घरात असतानाच साबणाचं पाणी पुन्हा सगळीकडे लावून घ्या, फक्त दुरुस्त केलेल्या जागी नाही. एक जोड हलवताना शेजारचा सैल होतो. पाईप नवा असेल तर त्यावरच्या तारखेचा फोटो मालकांना आणि स्वतःला पाठवून ठेवा. पुढचा भाडेकरू येईल तेव्हा त्याला ती विचारावी लागणार नाही.